चाळीस स्लाइड्समधून एक पान

ब्रँड गाइडलाइन्सच्या डेकमध्ये बहुतेक स्लाइड्स लोगोभोवती किती जागा सोडायची, लाल रंग नेमका कोणता, यावर खर्ची पडलेल्या असतात. लिहिणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक येते: ‘आमचा सूर आपुलकीचा, विश्वासार्ह आणि आधुनिक.’ मसाल्याच्या पाकिटामागे कृती लिहायला बसलेल्या माणसानं यातून काय घ्यायचं?

म्हणून विशेषणं बाजूला ठेवून आधी डेकमधले नमुने वेचावेत. जाहिरातीची ओळ, पाकिटावरचा मजकूर, तक्रारीला दिलेलं उत्तर. ही वाक्यं कंपनीनं पसंत केलेली असतात. समजा, कंपनी ‘अमुक मसाला’ विकते. नमुन्यांत सगळीकडे ‘तुम्ही’ आहे, ‘आपण’ कुठेच नाही. ‘दोन चमचे घाला’ आहे, ‘घालावे’ नाही. आपुलकीचा नियम इथेच मिळाला. तक्रारीच्या उत्तरात मात्र गंमतजंमत नाही. पाकीट बदलून कसं मिळेल, हे पहिल्याच वाक्यात आहे. प्रसंगानुसार सूर बदलतो, हेही पानावर यायला हवं. ‘आधुनिक’चा एकही नमुना सापडत नसेल, तर ब्रँड सांभाळणाऱ्यांकडे मागावा. त्यांच्याकडेही नसेल, तर तो शब्द खुशाल गाळावा.

नावांचा गोंधळ जास्त चिवट. एकाच डेकमध्ये ‘अमुक’, ‘अमुक मसाले’ आणि ‘अमुक फूड्स’ सापडतात. कंपनीला एक नाव, उत्पादनाला एक, असं ठरवून बाकीची काट मारायची. पुढचा प्रश्न इंग्रजीत तयार झालेल्या डेकला पडतच नाही: ‘अमुक मसालाचा’ की ‘अमुक मसाल्याचा’? मी दुसरं रूप घेईन, कारण मसाला हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे आणि ‘मसालाचा’ कानाला खटकतं. पाकिटावर सुटं छापलेलं नाव मात्र जसंच्या तसं.

टाळायच्या शब्दांची नुसती यादी उपयोगाची नाही. प्रत्येकाशेजारी कारण किंवा पर्याय हवा. ब्रिटिश सरकारच्या GOV.UK संकेतस्थळाच्या शैलीपुस्तिकेत tackle हा शब्द खेळाच्या मैदानापुरता ठेवायला सांगितला आहे, तसं. आपल्या यादीत ‘दर्जेदार’ आला, तर शेजारी ‘काय चांगलं आहे ते सांगा: मिरची कुठली, भाजली कशी’. ‘शुद्ध’ आणि ‘पारंपरिक’ यांच्यापुढे वेगळी खूण हवी. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबत एफएसएसएआयचे 2018 चे नियम आहेत. त्यांत अशा शब्दांच्या वापराला अटी घातल्या आहेत. तिथे निर्णय लेखकाचा नाही, कायदा पाहणाऱ्याचा. डेकमधल्या ‘विश्वासार्ह’ला अर्थ येतो तो इथे.

पान तयार झालं की एक जुना मजकूर दोघांना वेगवेगळा सुधारायला द्यावा. दोघांनी एकाच जागी सारखीच दुरुस्ती केली, तर नियम कामाचा. एकानं ‘आपण’ खोडलं आणि दुसऱ्यानं ठेवलं, तर नियमाचं वाक्य पुन्हा लिहायचं आणि त्याखाली आधीचं-नंतरचं असं एक उदाहरण जोडायचं.