आता आपण कुठल्या मुद्द्यावर आहोत? : मुद्द्यांची स्लाइड आणि खुणेची वाक्यं

पुस्तक वाचताना हरवलो तर आपण दोन पानं मागे जातो, शीर्षक पाहतो, अजून किती पानं उरलीत तेही बघतो. भाषण ऐकणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. एक वाक्य निसटलं की ते गेलं. म्हणून ‘काय झालं, काय चालू आहे, काय उरलं’ हे त्याला सांगत राहणं बोलणाऱ्याचं काम असतं. त्यासाठी दोन साधनं आहेत: सुरुवातीची मुद्द्यांची स्लाइड आणि मधली खुणेची वाक्यं. शिक्षण परिषद, पालकसभा किंवा मुलांचं प्रकल्प सादरीकरण, तिन्हीकडे ती सारखीच लागतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, शिक्षण परिषदेत तुम्हाला २० मिनिटं बोलायचंय. विषय आहे: ‘१/२ + १/३ = २/५ असं मुलं का लिहितात?’ अशा वेळी आपण बहुतेकदा अशी स्लाइड करतो: प्रस्तावना, अपूर्णांकाचा अर्थ, प्रकार, अडचणी, उपाय, मूल्यमापन, समारोप, आभार. एकूण आठ ओळी. आता यातला ‘अपूर्णांक’ शब्द काढून ‘पाणी’ घाला. यादी तशीच चालते! म्हणजेच ती या भाषणाबद्दल काही सांगत नाही. शिवाय आठ गोष्टी ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत आणि ‘आभार’ हा काही मुद्दा नव्हे.

त्याऐवजी ऐकणाऱ्याच्या मनात ज्या क्रमाने प्रश्न येतील, तेच प्रश्न लिहा:

१. मुलं नेमकं काय चुकतात?
२. ती चूक कुठून येते?
३. उद्या वर्गात काय करायचं?

तीन मुद्दे पुरेत, फार तर चार. वेळ अशी वाटा: सुरुवात २ मिनिटं, पहिला मुद्दा ४, दुसरा ५, तिसरा ७ आणि शेवट २ मिनिटं. ही स्लाइड अगदी पहिली दाखवू नका. आधी एखाद्या मुलाच्या वहीतलं ते २/५ दाखवा आणि विचारा, “अर्ध्यात काहीतरी मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?” कुतूहल जागं झालं की मगच मुद्दे दाखवा. तोवर ऐकणाऱ्याला त्यांची गरजच वाटत नाही. ते सांगायला अर्धा मिनिट लागतो. तिथेच प्रत्येक मुद्दा समजावत बसलात तर भाषण दोनदा होतं.

आता महत्त्वाची गोष्ट. ही स्लाइड एकदा दाखवून विसरायची नसते. प्रत्येक मुद्दा सुरू होताना ती पुन्हा यायला हवी. स्लाइड निवडून Ctrl+D दाबलं की तिची प्रत तयार होते. ती प्रत मुद्द्याच्या सुरुवातीला सरकवा. चालू मुद्दा ठळक करून त्याच्या आधी बाण काढा आणि झालेल्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण करा. नुसत्या रंगावर विसंबू नका. दिवसा, खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात प्रोजेक्टरवर फिका राखाडी रंग दिसतच नाही. बाण आणि बरोबरची खूण मात्र मागच्या बाकावरूनही दिसते. मधल्या स्लाइडवर वरच्या कोपऱ्यात ‘२. चूक कुठून येते?’ एवढंच लहान अक्षरात ठेवा. क्षणभर बाहेर जाऊन आलेल्यालाही मग कळतं आपण कुठे आहोत.

स्लाइडवरचे शब्द आणि तोंडातले शब्द एकच हवेत. स्लाइडवर ‘चूक कुठून येते?’ आणि तोंडी ‘आता कारणमीमांसा बघू’ असं झालं, की ऐकणारा हा नवा मुद्दा समजतो आणि यादीत शोधत बसतो.

स्लाइड बदलली म्हणून मुद्दा बदलल्याचं कळतंच असं नाही. कुणी वहीत लिहीत असतं, कुणी खिडकीबाहेर बघत असतं. तिथे खुणेचं वाक्य लागतं. त्याचे तीन भाग असतात: झालेलं एका वाक्यात मिटवायचं, त्यातून निघणारा प्रश्न विचारायचा, मग पुढच्या मुद्द्याचा क्रमांक सांगायचा. जसं: “मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात, हे आपण त्यांच्याच वह्यांत पाहिलं. पण एवढी सगळी मुलं एकसारखीच का चुकतात? हा आपला दुसरा मुद्दा.” मग क्षणभर थांबा. नुसतं ‘आता पुढे जाऊया’ म्हटलं तर पुढे म्हणजे कुठे, ते कळत नाही.

मुद्द्याच्या आतही लहान खुणा हव्यात. दुसऱ्या मुद्द्यात आधीच सांगा, “याची दोन कारणं आहेत.” पहिलं: मुलं अपूर्णांकाकडे एक संख्या म्हणून न बघता वरखाली लिहिलेल्या दोन संख्या म्हणून बघतात. दुसरं: अर्धा आणि तृतीयांश हे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे आहेत, ते तसेच एकत्र मोजता येत नाहीत, हे त्यांनी हाताळून पाहिलेलं नसतं. दोन म्हटलंत तर दोनच द्या. ऐन वेळी “आणि अजून एक” आलं की ऐकणाऱ्याची मोजणी बिघडते. ‘शेवटचा मुद्दा’ हे शब्दही एकदाच वापरायचे असतात.

तिसऱ्या मुद्द्यात, समजा, तुम्ही सहा चौकोनांची कागदी पट्टी दाखवताय: अर्धी म्हणजे ३ चौकोन, तृतीयांश म्हणजे २, मिळून ५, म्हणून ५/६. तेवढ्यात कुणीतरी भागाकाराबद्दल विचारतं आणि चर्चा रंगते. इथेच भाषण हमखास भरकटतं. उत्तर दिल्यावर परतीचं वाक्य बोला: “आपण तिसऱ्या मुद्द्यावर, पट्टीच्या कृतीत होतो, तीन आणि दोन चौकोन झाले होते.” वेळ संपत आली असेल तर स्लाइड भराभर पुढे ढकलू नका. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून Enter दाबलं की थेट तिथे जाता येतं. शेवटच्या स्लाइडचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा आणि काय गाळलं ते सांगून टाका.

प्रोजेक्टर नसेल तरी काही अडत नाही. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहा आणि एकेक झाला की खूण करा. ते पूर्णवेळ समोर राहतात, हा उलट फायदाच. पाच मिनिटांच्या बोलण्याला मात्र मुद्द्यांची स्लाइड नको. “दोन गोष्टी सांगतो” एवढं वाक्य पुरे. गोष्ट सांगतानाही नको, कारण पुढे काय होणार ही उत्सुकताच त्यात निघून जाते.

हे जमलं का, ते घरीच तपासता येतं. सराव करताना एकाला समोर बसवा आणि मध्येच दोनदा थांबून विचारा, “आता मी कुठल्या मुद्द्यावर आहे? अजून काय उरलंय?” त्याला स्लाइड न बघता सांगता आलं तर खुणा नीट आहेत. अडखळला, तर त्याच्या आधीचं खुणेचं वाक्य पुन्हा लिहा. पालकांनो, मुलाच्या प्रकल्पाची तयारी घेताना पाठांतर ऐकण्याबरोबर हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. उत्तर येत नसेल तर मुलाला अजून एक वाक्य हवंय.