‘बघू’ म्हणू नका, ‘नाही’ लिहा

समजा, भोकरमध्ये तुमच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे आणि दोन वर्षांपासून गल्ल्यावर तुम्ही बसताय. काउंटर सांभाळणारे मामा सहा वर्षांपासून दुकानात आहेत. पेरणी उरकली, गर्दी ओसरली आणि त्यांनी तुमच्या हातात चिठ्ठी ठेवली. १६ हजारांचा पगार २० हजार करा, मुलीला नांदेडला कॉलेजात घातलंय.

मागणी चुकीची नाही. पण महिना ४ हजार म्हणजे वर्षाला ४८ हजार. आणि जून-जुलैत आपल्याकडं दुकान भरलेलं दिसतं, गल्ला मात्र रिकामाच. बियाणं, खत उधारीवर गेलेलं असतं, ते पैसे सोयाबीन बाजारात आल्यावरच परत येतात. भाव वाढवून भरपाई करावी म्हटलं तर युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे सरकारनंच ठरवलेली. वरचा रुपया घेता येत नाही.

अशा वेळी तोंडातून सहज निघतं, ‘बघू मामा, दिवाळीनंतर.’ हा नकार नाही, हा वायदा झाला. मामा दिवाळीपर्यंत तो धरून बसतात, त्यावर फीचं गणित मांडतात. नंतर ‘तुम्हीच म्हणलात की’ असं ऐकावं लागतं, आणि ते खरंच असतं.

त्याआधी एक गोष्ट तपासा. आत्ताचा पगार किमान वेतनापेक्षा कमी असेल तर नकाराचा प्रश्नच येत नाही, तो वाढवावाच लागतो. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून ताजा आकडा बघा.

तो हिशेब बरोबर असेल, तर असं लिहा :

‘मामा, पगार २० हजार करावा हा तुमचा अर्ज मी नीट वाचला. ही वाढ मला यंदा देता येणार नाही. खरिपाची उधारी बाहेर आहे, आणि दरमहा ४ हजार वाढवले तर ते पुढं नियमित देता येतील याची मला खात्री नाही. तुमच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही.

आपण खताच्या पॉस मशीनची आणि साठा रजिस्टरची नोंद करायला बाहेरच्या माणसाला महिना अडीच हजार देतो. हे काम तुम्ही शिकावं असं मला वाटतं. ऑगस्टमध्ये मी स्वतः रोज तासभर सोबत बसून शिकवीन, दुकानाच्या वेळेतच. सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवारी मशीनमधला साठा आणि गोदामातल्या गोण्या जुळल्या, तर १ जानेवारीपासून पगार १८ हजार ५०० होईल. मुलीच्या फीसाठी १० हजार उचल लागत असेल तर सांगा, ती वेगळी गोष्ट आहे. जानेवारीपासून दरमहा हजार रुपये कापून घेऊ.’

नकार दुसऱ्याच वाक्यात आलाय. कौतुकाची चार वाक्यं आधी लिहिली की माणूस शेवटपर्यंत ‘मिळालं’ असं समजून वाचतो. आणि कामातल्या जुन्या चुका इथं काढू नका. सहा वर्षांत न बोललेली चूक पगार मागितल्याच्या दिवशी आठवली, तर ती बहाणाच वाटते.

पुढचा रस्ता ठरवताना बहुतेक जण उधारीला हात घालतात : ‘८० टक्के वसुली करा, मग वाढ देतो.’ पण वसुली पावसावर, सोयाबीनच्या भावावर असते. मामांनी गावोगाव चकरा मारल्या तरी शेतकऱ्याकडं पैसेच नसतील, तर ते काय करणार? साठा जुळवणं मात्र त्यांच्या हातातलं आहे. आणि ते महत्त्वाचंही आहे. अनुदानाचं खत शेतकऱ्याचा अंगठा घेऊन मशीनवरच विकायचं असतं. मशीन ६० गोण्या दाखवतंय आणि गोदामात ४० निघाल्या, तर तपासणीत परवान्यावर येतं. शिवाय वाढीचे पैसे कुठून येणार हेही ठरलेलं आहे. बाहेर जाणारे अडीच हजार मामांकडं वळतात.

हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. शटर ओढायच्या आधी मामांना खुर्ची द्या, तोंडी सांगा, मग कागद द्या. एक प्रत सही करून तुमच्याकडं ठेवा. त्यांनी त्यावर ‘१८ हजार ५०० नको, १९ करा’ म्हटलं, तर लगेच ५०० वाढवू नका. लिहिलेला आकडा हलला की सगळा कागद हलतो.

मामा ‘विचार करून सांगतो’ म्हणतील. कदाचित नांदेडच्या एखाद्या दुकानात विचारूनही येतील. त्याचा राग धरू नका. आणि साठा खरंच जुळत गेला, तर जानेवारीत त्यांना पुन्हा अर्ज लिहायला लावू नका. १ तारखेला पगाराच्या वहीत नवा आकडा तुम्हीच घाला.