वास्तुचित्रातील पूरक घटक : प्रमाण व वातावरण

नियोजित इमारतीचे संगणकीय चित्र, म्हणजेच रेंडर, पाहताना तिची उंची प्रेक्षकास थेट कळत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी, मोटारीशी व झाडाशी तुलना करूनच तो तिचा अंदाज बांधतो. म्हणून या पूरक घटकांचे आकारमान नजरेच्या अंदाजाने न ठरवता क्षितिजरेषेच्या आधारे ठरवणे आवश्यक असते.

सपाट जमिनीवर कॅमेरा १.६ मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या प्रौढ व्यक्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर असेल, तर जवळच्या व दूरच्या सर्व उभ्या व्यक्तींचे डोळे साधारणतः क्षितिजरेषेवरच येतात. फक्त पावले वरखाली होतात. आल्बेर्ती याने १४३५ मधील चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले होते.

उदाहरणादाखल ७ मीटर उंचीची दुमजली ग्रंथालय इमारत घेऊ. छापील चित्रात तिच्या दर्शनी भिंतीच्या पायापासून क्षितिजरेषेपर्यंतचे अंतर १६ मि.मी. आहे. म्हणजे त्या ठिकाणी १ मीटर म्हणजे १० मि.मी., आणि इमारत ७० मि.मी. दिसते. दाराजवळची १.७ मीटर उंचीची व्यक्ती १७ मि.मी. हवी; कॅमेऱ्यापासून निम्म्या अंतरावरील व्यक्ती ३४ मि.मी. होईल. दीड मीटर उंचीच्या मोटारीचे छत क्षितिजरेषेच्या किंचित खाली राहील. दाराजवळची व्यक्ती चुकून २२ मि.मी. घेतली, तर तिच्या तुलनेत इमारत सुमारे ५.४ मीटरच भासते. २.१ मीटरचे दार व्यक्तीहून ठेंगणे दिसू लागले, की ही चूक उघड होते.

या नियमास मर्यादा आहेत. उतारावर व पायऱ्यांवर तो जसाच्या तसा लागू पडत नाही. कॅमेरा ३.२ मीटरवर नेल्यास डोळे क्षितिजरेषेच्या निम्म्यावर येतात.

वातावरणनिर्मिती प्रामुख्याने प्रकाशावर अवलंबून असते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे १.७ पट लांब पडते. इमारतीची सावली अशी लांब आणि बाहेरून आणून चिकटवलेल्या व्यक्तीची सावली दुपारसारखी आखूड असेल, तर प्रमाण अचूक असूनही व्यक्ती अधांतरी वाटते. सावलीची दिशा, लांबी व कडांची तीव्रता इमारतीशी जुळली पाहिजे.

झाडांच्या बाबतीत प्रश्न केवळ सौंदर्याचा नसतो. पश्चिमेकडील भिंतीसमोर ८ मीटरचा कडुनिंब दाखवला, तर ती भिंत सावलीत व सुसह्य दिसते. प्रत्यक्षात तेथे २ मीटरचे रोप लावले जाणार असेल, तर पुढील अनेक वर्षे ती उन्हात तापत राहील, आणि चित्र पाहून संमती देणाऱ्या संस्थेस हे कळणार नाही. म्हणून झाडे लागवडीच्या वेळची की पूर्ण वाढलेली, याची नोंद चित्राखाली असावी. शक्य असल्यास दोन्ही अवस्थांची चित्रे सादर करावीत. चित्रातील झाड भिंतीचा दोष झाकू शकते. भिंतीचे ऊन मात्र प्रत्यक्ष झाडच अडवते.