नॅसमध्ये एसएसडी घातली, तरी वेग तोच का?

एका छायाचित्रकार मित्राने घरच्या नॅसमध्ये कॅशसाठी एसएसडी बसवली. तरीही ४० जीबीचा व्हिडिओ कॉपी व्हायला पूर्वीइतकीच, सहा-सात मिनिटं लागली. लागणारच! गिगाबिट केबलमधून सेकंदाला साधारण ११० एमबीच जातात आणि सलग वाचताना साधी हार्ड डिस्कही तेवढं सहज देते. अडलं होतं ते केबलपाशी.

हार्ड डिस्क दमते ती विखुरलेल्या बारीक फायलींनी. तिचं हेड दर वेळी जागा शोधत फिरतं, त्यामुळे सेकंदाला शे-दीडशे वाचनंच होतात. एसएसडी हजारो करते. म्हणून डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, हजारो फोटोंच्या थंबनेल यांना कॅश खरोखर पावते. तीही तोच डेटा पुन्हा पुन्हा लागत असेल तर. रात्री एकदा होणाऱ्या बॅकअपला किंवा सिनेमा बघायला तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

वाचनाच्या कॅशमध्ये फक्त प्रत असते. ती एसएसडी गेली तरी मूळ डेटा डिस्कवर सुरक्षित राहतो. टिअरिंगमध्ये मात्र डेटाच एसएसडीवर हलवलेला असतो, आणि लेखनाच्या कॅशमध्ये ताजा डेटा काही काळ फक्त तिथेच असतो. या दोन्हींसाठी एसएसडींची मिरर केलेली जोडीच हवी.

मित्राने शेवटी एसएसडीवर वेगळं व्हॉल्यूम करून फोटोंचा कॅटलॉग तिथे हलवला. थंबनेल आता झरझर उघडतात. व्हिडिओला अजूनही सहा-सात मिनिटंच लागतात.