फरक 1,280 रुपयांचा, कारणं दोन

यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीचं उदाहरण घेऊ. 2024च्या जानेवारी ते मार्च या तिमाहीत तिने एका कारखान्याला तीन बिलं दिली: दोन लाख, दीड लाख आणि 31 मार्चचं एक लाखाचं. जीएसटी वेगळा. कारखाना पैसे देताना दोन टक्के टीडीएस कापणार, म्हणून अकाउंटंटने ‘टीडीएस येणे’ खात्यात 4,000, 3,000 आणि 2,000 असे 9,000 रुपये नावे टाकले.

जूनमध्ये कारखान्याकडून फॉर्म 16ए आला. त्यात कापलेला कर 7,720 रुपये. म्हणजे 1,280 कमी. पण ही बेरजांमधली तफावत आहे. ती कुठून आली, हे ओळीओळीने पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून प्रमाणपत्रातली प्रत्येक ओळ तक्त्यात उतरवायची: दिलेली किंवा खात्यात जमा केलेली रक्कम आणि तिची तारीख. सरकारजमा झालेला कर खाली चलनांच्या यादीत असतो, तो वेगळ्या रकान्यात घ्यायचा. सोबत प्रमाणपत्राचा क्रमांक आणि कापणाऱ्याचा टॅनही हवा. ग्राहकाचं नाव लेजरमध्ये एक आणि प्रमाणपत्रावर दुसरंच असू शकतं, शिवाय एकाच कंपनीच्या शाखांचे टॅन वेगवेगळे असू शकतात. त्यामुळे जुळवणी टॅनवरून करायची. ग्राहकाने विवरण दुरुस्त केलं की सुधारित प्रमाणपत्र येतं. जुनं तक्त्यातून काढलं नाही, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते.

आपल्या प्रमाणपत्रात दोनच ओळी निघाल्या. पहिलीत रक्कम 2,36,000, दुसरीत 1,50,000, आणि चलनांच्या यादीत त्यांचा कर 4,720 आणि 3,000. दोन लाखांवर 18 टक्के जीएसटी धरला की 2,36,000 होतात. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नसतो, पण कारखान्याने पहिल्या बिलावर तो कापला. 720 जास्त गेले. तिसरं बिल मात्र कारखान्याने एप्रिलमध्ये नोंदवलं, म्हणून त्याचे 2,000 या प्रमाणपत्रात आलेच नाहीत. दोन हजारांतून 720 वजा केले की 1,280 उरतात.

दोन्हींवरचे उपाय वेगळे. त्या बिलाचे पैसे 720 रुपयांनी कमी आले होते आणि लेजरमध्ये तेवढी बाकी कारखान्याच्या नावावर दिसत होती. ते 720 फॉर्म 26एएसमध्येही दिसत असतील, तर ‘टीडीएस येणे’ नावे आणि कारखाना जमा अशी नोंद करायची. बाकी मिटते आणि कराचं श्रेय विवरणपत्रात घेता येतं. दोन हजारांची नोंद मात्र खोडायची नाही. एप्रिल-जूनचं प्रमाणपत्र येईपर्यंत ती ‘प्रलंबित’ म्हणून ठेवायची. उत्पन्न मार्चअखेरच्या वर्षात आणि कपात पुढच्या वर्षात, अशी ही गाठ आहे. श्रेय उत्पन्नाच्या वर्षातच मिळवायचं तर ते कसं मागायचं, हे सीएशी बोलून ठरवावं लागतं.