फोटोत दहाचं नाणंही येऊ द्या

इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरवर मोबाइल पुढे करून ‘हा बल्ब द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं आता रोजची झाली आहेत. अडचण एवढीच, की उडालेल्या बल्बचा नुसता फोटो फसवतो. पडद्यावर झुंबरातला छोटा बल्ब आणि हॉलमधला मोठा बल्ब एकाच आकाराचे दिसू शकतात. त्यावर सोपा उपाय आहे. बल्बशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं आणि मोबाइल थोडा उंच धरून, बरोबर वरून फोटो काढायचा. या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.

पहिली नजर बल्बच्या टोपीवर, म्हणजे होल्डरमध्ये बसणाऱ्या धातूच्या भागावर हवी. समोरासमोर दोन पिना बाहेर आलेल्या असतील आणि टोपी नाण्यापेक्षा थोडी अरुंद दिसत असेल, तर तो बी२२. आपल्याकडच्या बहुतेक घरांतला नेहमीचा पिनांचा बल्ब तो हाच. पिना तशाच पण टोपी नाण्याच्या निम्म्याहून थोडी जास्त असेल, तर तो बी१५. काही शिलाई मशिनांत हा सापडतो. टोपीला आटे असतील तरी हाच हिशोब. आट्यांची रुंदी नाण्याएवढी भरली तर ई२७, निम्मी भरली तर ई१४. अक्षरापुढचा आकडा म्हणजे टोपीची मिलिमीटरमधली रुंदी, त्यामुळे नाणं शेजारी असलं की अंदाजाला फारशी जागा उरत नाही.

काचेचा आकार पाहायचा तो शेडसाठी. मेणबत्तीच्या ज्योतीसारखा सी३५ बल्ब सर्वांत फुगीर जागी ३५ मिलिमीटरचा असतो, तर नेहमीचा ए६० हा ६० मिलिमीटरचा. टोपी जुळूनही मोठा बल्ब झुंबराच्या अरुंद काचेत शिरत नाही आणि दुकानाची दुसरी फेरी पडते.

आता काचेच्या आत डोकवा. बारीक वेटोळ्यांची तार दिसली तर बल्ब जुन्या पद्धतीचा. तार मधेच तुटलेली असते, कधी काच आतून काळवंडलेली असते. तारेऐवजी पिवळ्या सरळ काड्या दिसल्या तर तो फिलामेंट एलईडी. त्याच्या काड्या शाबूत असूनही तो बंद पडू शकतो, कारण पुष्कळदा बिघडतं ते टोपीत दडलेलं सर्किट. तारेच्या ४० वॅटच्या बल्बऐवजी चार-पाच वॅटचा एलईडी साधारण तेवढाच उजेड देतो. रंगही तसाच उबदार हवा असेल तर खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं पाहून घ्यावं.

हे सगळं जुळूनही चूक होऊ शकते. समजा, फोटोत आट्यांची टोपी नाण्याच्या निम्मी आहे, काच बुटकी आहे आणि आत तुटलेली तार आहे. म्हणजे ई१४, बहुधा १५ किंवा २५ वॅट. दुकानदार तेवढाच एलईडी काढून देईल, आणि बल्ब फ्रिजमधला असेल तर तो चालेलही. पण तो ओव्हनमधला असेल तर? तिथं बल्बला भट्टीची धग सोसावी लागते. त्यासाठीच्या खास बल्बवर ३०० अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं. एलईडीचं सर्किट अन् प्लॅस्टिक त्या तापमानात टिकणारच नाही. म्हणून बल्ब कुठून काढला ते फोटोसोबत सांगायलाच हवं, आणि टोपीवर किंवा काचेवर छापलेल्या मजकुराचा जवळून वेगळा फोटोही हवा.

हा मजकूर आणखी एका ठिकाणी नुकसान टाळतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या टेबललॅम्पचा बल्ब ई२६ असतो आणि आपल्या ई२७ होल्डरमध्ये तो सहज बसतो. पण तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तारेचा बल्ब क्षणभर डोळे दिपवून उडतो. हा फरक आकारावरून फोटोत कधीच दिसणार नाही.

ट्यूबलाइटलाही तेच नाणं उपयोगी पडतं. ट्यूबची जाडी जवळपास नाण्याएवढी असेल तर ती टी८, तिच्या दोन पिनांमध्ये १३ मिलिमीटर अंतर. नाण्याच्या निम्म्याहून थोडी जास्त असेल तर टी५, तिच्या पिनांत फक्त पाच मिलिमीटर. ‘चार फुटी’ म्हणून विकली जाणारी टी५ ट्यूब टी८पेक्षा पाचेक सेंटीमीटर आखूडही असते, तेव्हा एकीच्या पट्टीत दुसरी बसवायचा प्रयत्न करू नये. जुन्या ट्यूबची टोकं काळी पडली असतील तर ती झिजलेली समजावी. तिच्या जागी एलईडी ट्यूब घ्यायची असेल, तर ट्यूबबरोबर पट्टीचाही फोटो न्यावा, चोक आणि स्टार्टर दिसतील असा. काही एलईडी ट्यूबना वीज एकाच टोकाला द्यावी लागते, काहींना दोन्ही टोकांना. चोक ठेवायचा की वायरिंग बदलून काढायचा, हे त्या ट्यूबच्या वेष्टनावरच्या आकृतीत दिलेलं असतं, आणि वायरिंगला हात लावायचा झाल्यास मेन स्विच बंद करून वायरमनलाच बोलवावं.