साधारण खात्यातील तूट आणि खजिनदारांचे निवेदन

संघाच्या वार्षिक सभेत तुटीचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो: देवद्रव्यात एवढी शिल्लक असताना वर्गणी कशासाठी? खजिनदारांच्या लेखी निवेदनाने प्रथम याचेच उत्तर द्यावे. देवद्रव्य जिनमंदिर व जिनप्रतिमा यांच्याच कार्यासाठी असते. उपाश्रयाचे वीजबिल वा मुनीमजींचा पगार त्यातून देता येत नाही, उसनवार म्हणूनही नाही. हा भार साधारण खात्याचाच.

दुसरे काम तुटीची फोड करण्याचे. समजा, साधारण खात्यात जमा 6,40,000 रुपये आणि खर्च 8,20,000 रुपये, तूट 1,80,000. त्यांपैकी 1,20,000 उपाश्रयाच्या गळक्या छताच्या दुरुस्तीचे. हा खर्च दरवर्षीचा नव्हे. उरलेले 60,000 पगार व वीज यांच्या वाढीचे. ते पुढील वर्षीही येणारच.

घरे 120 असतील, तर सरळ भागाकाराने प्रत्येकी 1,500 रुपये येतात. परंतु सर्व रक्कम एकदाच घेतली, तर पुढच्या वर्षी 60,000 ची तूट पुन्हा उभी राहील. म्हणून प्रस्ताव दोन असावेत: 1,000 रुपये एकवेळची वर्गणी आणि वार्षिक वर्गणीत 500 रुपयांची कायम वाढ.

दोन्ही प्रस्ताव सभेच्या सूचनापत्रातच छापलेले असावेत. ऐनवेळच्या विषयात मांडलेली वर्गणी मंजूर झाली, तरी वसूल होताना अडते.